१०५ मोदक आणि ५० करंज्या: नारळ किती, गूळ किती?

लग्न होऊन इंदूरला आले त्या वर्षीची गोष्ट. गणपतीला ६३ मोदक करायचे ठरले होते. माहेरी चिपळूणला नारळ परसातले, त्यामुळे 'किती लागतील' हा प्रश्नच कधी पडला नव्हता. कमी पडला तर आणखी एक फोडायचा. इथे राजवाड्याजवळच्या दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "दीदी, एक नारियल में इक्कीस आराम से बन जाते हैं." एकवीस त्रिक त्रेसष्ट. तीन नारळ घेऊन मी खुशीत घरी आले. चौतिसाव्या मोदकाला सारण संपलं. उकड उरलेली, मोदकपात्र पेटलेलं, आरतीला माणसं जमलेली. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आता उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या कर." केल्या. मोदक मात्र मोजून वाटावे लागले.

तेव्हापासून मी सारणाचा हिशेब वजनावर करते. एकदा नीट समजला की आयुष्यभर पुरतो. ज्यांना पहिल्यांदाच पन्नास-शंभर मोदकांची जबाबदारी घ्यायची आहे त्यांच्यासाठी तो इथे पायरीपायरीने लिहिते आहे. उकड, कळ्या, पारी यांत फारशी शिरणार नाही. ही फक्त सारणाची गोष्ट आहे: एका मोदकात किती जातं आणि त्यावरून बाजारात काय सांगायचं.

आधी हाताशी काय हवं

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किलोपर्यंत पेलणारा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा. एक जाड बुडाची कढई, जिचं रिकामं वजन तुम्ही कागदावर लिहून ठेवलं आहे. काट्यावर ठेवायला लाकडी पाट किंवा जुनं पोळपाट, कारण गरम कढई थेट काट्यावर ठेवली की त्याचं प्लॅस्टिक वाकतं (माझा पहिला काटा तसाच गेला). खवणी. आणि वही-पेन्सिल, कारण या वर्षीचे आकडे पुढच्या वर्षी तोंडपाठ राहत नाहीत.

१. आधी एकच मोदक करून बघा

सगळा हिशेब एका आकड्यावर उभा आहे: एका मोदकात सारण किती जातं. हा आकडा दुसऱ्या कुणाचा घेऊ नका, अगदी माझाही नाही.

आठवड्याभरापूर्वी एका संध्याकाळी वाटीभर सारण आणि मूठभर उकड करा. तुम्ही नेहमी करता त्या आकाराचे तीन-चार मोदक वळा. पारी हातात घेऊन काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, सारण भरा आणि वजन वाचा. माझ्या हाताच्या मध्यम मोदकाला २५ ग्रॅम उकड आणि २२ ग्रॅम सारण लागतं. हा मोदक दोन घासांत संपतो, पानात एकटा ठेवला तरी केविलवाणा दिसत नाही. आमच्या रामबागेतल्या एका काकूंच्या मोदकात ३० ग्रॅमपर्यंत सारण जातं. त्यांची पारी इतकी पातळ असते की आतला गूळ बाहेरून दिसतो. माझ्याच्याने ते होत नाही.

साच्याचं प्रकरण निराळं आहे. बाजारात मिळणाऱ्या लहान साच्यात सारण जेमतेम ११-१२ ग्रॅम बसतं, म्हणजे हातच्या मोदकाच्या निम्मं. म्हणून 'किती मोदक' एवढंच विचारून कुणी नारळांचा आकडा सांगितला तर तो उपयोगाचा नाही. आधी मोदक हातचा की साच्याचा ते विचारायला हवं.

करंजीलाही हेच करा. साधारण दहा सेंटिमीटर रुंद पुरीच्या करंजीत मी ओल्या नारळाचं १६ ग्रॅम सारण भरते. पुरीवर जागा आणखी असते आणि हात शिवशिवतात, पण कडेला बोटभर जागा मोकळी राहिली नाही तर कड नीट चिकटत नाही आणि करंजी तेलात फुटते. एक करंजी फुटली की तिचा गूळ तेलात जळतो आणि पुढच्या सगळ्या करंज्यांवर काळे ठिपके येतात.

२. एका नारळातून खरंच किती खोबरं निघतं

हा दुसरा आकडा, आणि इंदूरमध्ये इथेच जास्त फसायला होतं.

कोकणात नारळ झाडावरून उतरून फार दिवस झालेले नसतात. इथे तो दक्षिणेकडून ट्रकने येतो, गोदामात राहतो, मग दुकानात येतो. त्यातून सणाच्या दिवसांत पूजेचा शेंडीवाला नारळ सगळीकडे दिसतो. तो कलशावर ठेवायला छान, पण बऱ्याचदा लहान आणि जुना असतो. शेंडीचं वजनही आपण नारळाचंच धरतो.

मागच्या वर्षी मी घेतलेल्या नारळांपैकी सगळ्यांत मोठा शेंडीसकट ६४० ग्रॅमचा होता. त्यातून पांढरं खोबरं खवून २३५ ग्रॅम निघालं. सगळ्यांत लहान ४७० ग्रॅमचा, त्यातून १६५ ग्रॅम. म्हणजे वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा, किंवा त्याहून थोडं जास्त. बाकीचं करवंटी, पाणी, शेंडी, आणि खवताना करवंटीला मुद्दाम ठेवलेला तपकिरी थर. सरासरी काढून मी हिशेबाला एका नारळाचे २०० ग्रॅम धरते.

तुम्ही खवणी न वापरता खोबऱ्याचे तुकडे मिक्सरला लावत असाल तर नारळामागे ३०-४० ग्रॅम जास्त मिळतं, कारण करवंटीला काहीच चिकटून राहत नाही. पण तपकिरी पाठ सालकाढण्याने काढावी लागते, आणि मिक्सर फार फिरवला तर खोबऱ्यातलं दूध सुटून सारण गोळागोळा होतं. झटके देत फिरवा, एकसारखा चालू ठेवू नका.

विकत घेताना प्रत्येक नारळ कानाशी हलवा. पाणी खळखळलं पाहिजे. आवाज नसेल तर आतलं पाणी आटलेलं असतं आणि ओलं खोबरं सुक्याकडे झुकलेलं असतं. ते खवल्यावर तेलकट आणि चरचरीत लागतं आणि सारणात गुळाशी मिळून येत नाही. डोळ्यांच्या जागी ओलसर डाग किंवा बुरशी दिसली तर तो नारळ सोडून द्या. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू दे. सियागंजमध्ये घाऊक घेतलात तर भाव बरा पडतो, पण तिथे एकेक हलवून बघायला वेळ देतात का हे आधी विचारा. न निवडलेल्या डझनापेक्षा निवडून घेतलेले दहा बरे.

३. गूळ वाटीने का मोजू नये

'दोन वाट्या खोबरं, एक वाटी गूळ' हे प्रमाण सगळ्यांना पाठ असतं. चुकीचं नाही, पण ते वाटी कशी भरता यावर अवलंबून आहे.

घरातली एकच वाटी घेऊन मी हे तपासलं. खवलेलं खोबरं अलगद टाकलं तर वाटीत ७० ग्रॅम बसलं. बोटांनी दाबून भरलं तर १०० ग्रॅम. किसलेला गूळ त्याच वाटीत १३० ग्रॅम. म्हणजे सैल भरलेल्या दोन वाट्या खोबऱ्याला, म्हणजे १४० ग्रॅमला, १३० ग्रॅम गूळ पडतो, जवळजवळ बरोबरीने. दाबून भरलेल्या दोन वाट्यांना, म्हणजे २०० ग्रॅमला, तोच १३० ग्रॅम. वाट्या तेवढ्याच, पण एक सारण घसा धरणारं गोड आणि दुसरं बेताचं. दोघी बहिणींचं सारण एकाच आईच्या प्रमाणाने वेगवेगळं होतं, त्याचं कारण बरेचदा एवढंच असतं.

वजनाने १०० ग्रॅम खोबऱ्याला ६५ ग्रॅम गूळ हे माझं प्रमाण. सासरी माळव्यात गोडाची आवड जरा जास्त, त्यामुळे घरचं सगळं जमलं की ७० करते. ८० च्या पुढे गेलात तर गोडाहून मोठा प्रश्न पाकाचा होतो: सारण सैल राहतं, आटवायला गेलं तर कडक होतं, आणि मधली अवस्था पकडायला मिनिटभराचाच वेळ मिळतो.

गूळ कोणता? साधा, मऊ, सुरीने सहज चिरला जाणारा. दुकानात चिक्कीचा गूळ वेगळा मिळतो, तो चुकूनही घेऊ नका. त्याचा पाक तार धरतो आणि सारण गार झालं की दाताखाली कटकन तुटतं. इथे नरसिंहपूरकडचा, करेलीचा गूळ चांगला मिळतो. रंगाने गडद असतो, त्यामुळे सारण कोल्हापुरी गुळासारखं सोनेरी न दिसता तपकिरी दिसतं. चवीला मला तो जास्त आवडतो. पाहुण्यांनी 'करपलं का?' विचारलं तर हसून सोडून द्यायचं. गुळात कचकच वाटली तर दोन-तीन चमचे पाण्यात वितळवून गाळून घ्या. ते पाणी पुढे आटणारच आहे.

४. आता खरा मुद्दा: सारण वजनावर थांबवा

शिजताना सारणातलं पाणी उडून जातं आणि वजन घटतं. ताज्या खोबऱ्यात जवळपास निम्मं पाणी असतं. किती आटवायचं, ते सारण कशासाठी आहे त्यावर ठरतं.

उकडीच्या मोदकाला सारण किंचित ओलसर हवं. मी कच्च्या मिश्रणाच्या ८८ टक्के वजन उरलं की गॅस बंद करते. म्हणजे हजार ग्रॅमचे ८८० झाले की पुरे. करंजी तळायची असते, आत ओल राहिली तर वाफ होऊन ती फुटते, म्हणून तिचं सारण ८० टक्क्यांपर्यंत कोरडं करते आणि वर दोन चमचे भाजलेली खसखस घालते. उरलीसुरली ओल ती धरून ठेवते.

'गोळा होईपर्यंत परता', 'दहा मिनिटं परता' हे नवख्याला कळत नाही. गोळा गरम असताना नेहमी सैल वाटतो, म्हणून आपण आणखी परततो, आणि गार झाल्यावर तो दगड होतो. वजन गरम-गार बघत नाही. रिकाम्या कढईचं वजन माहीत असलं की काटा स्वच्छ सांगतो, आता थांब. आच मंद असली तर परतायला दोन-चार मिनिटं जास्त लागतील; मोठी असली तर लवकर होईल. घड्याळ बदलतं, वजन बदलत नाही. फक्त एक अपवाद: नारळ अगदीच कोरडा, तेलकट निघाला तर ८८ पर्यंत आटवू नका. दोन चमचे दूध घाला आणि ९२ च्या आसपासच थांबा, नाहीतर सारण भुगाभुगा होईल.

डोळ्यांनीही खात्री करायची असेल तर चमचाभर सारण ताटलीवर ठेवा आणि दोन मिनिटं थांबा. भोवती गुळाच्या पाण्याचं कडं आलं तर अजून परता. कडं नसलं आणि गोळी दाबून वळली तर झालं.

५. हिशेब: १०५ मोदक, ५० करंज्या

मागच्या वर्षीचा माझाच हिशेब मांडते. एकवीस मोदक नैवेद्याला, बाकी घरच्यांना आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना, मिळून पाच एकवीस १०५. करंज्या ५०, कारण शेजारच्या भाभींना दर वर्षी डबा जातो. त्या होळीला मावा भरलेल्या गुजिया पाठवतात, म्हणून आमच्याकडून करंज्या जातात. "आपकी वाली गुजिया" म्हणतात त्या, आणि मी आता दुरुस्त करायचं सोडून दिलं आहे.

मोदकांपासून सुरू करू. १०५ मोदक, प्रत्येकी २२ ग्रॅम: २,३१० ग्रॅम तयार सारण. त्यावर साधारण ८ टक्के जास्त धरायचं. ते कुठे जातं? कढईला चिकटतं, हाताला लागतं, फुटलेल्या दोन मोदकांत जातं, आणि नैवेद्य व्हायचा असताना स्वयंपाकघरात चकरा मारणाऱ्या लहान मुलांच्या तोंडात. म्हणजे तयार सारण अडीच किलो हवं.

अडीच किलो उरायला कच्चं किती घ्यायचं? २,५०० ला ०.८८ ने भागा: साधारण २,८४० ग्रॅम. यात खोबरं आणि गूळ १०० ला ६५ या प्रमाणात आहेत, म्हणून २,८४० ला १.६५ ने भागा: खोबरं १,७२० ग्रॅम. राहिलेला गूळ १,१२० ग्रॅम.

करंज्या तशाच. ५० गुणिले १६ म्हणजे ८०० ग्रॅम, वाया जाणारं धरून ८६०. हे ८० टक्क्यांपर्यंत आटवायचं, म्हणून ०.८० ने भागा: १,०७५ ग्रॅम कच्चं. त्यात खोबरं ६५० आणि गूळ ४२५ ग्रॅम.

एकूण खोबरं २,३७० ग्रॅम, गूळ १,५४५ ग्रॅम. नारळामागे २०० ग्रॅम धरले तर जवळपास बारा नारळ. पण बारा कधीच आणू नका. सहा नारळांमागे एक जास्त घ्या. सणाच्या आदल्या रात्री एखादा नासका निघतोच, आणि तेव्हा दुकानं बंद असतात. म्हणून चौदा. गूळ पावणेदोन किलो पुरतो. आमच्याकडे दोन किलोच येतो, उरलेला डब्यात जातो.

छोट्या घरासाठी हाच हिशेब: २१ हातच्या मोदकांना ३४५ ग्रॅम खोबरं आणि २२५ ग्रॅम गूळ, म्हणजे दोन नारळ, तिसरा हाताशी. ५१ मोदकांना ८३५ ग्रॅम खोबरं आणि ५४५ ग्रॅम गूळ, म्हणजे पाच नारळ, सहावा हाताशी.

ज्यांना भागाकार नकोच त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: एका मध्यम नारळाचे हातचे बारा मोदक किंवा पंधरा करंज्या. आणि आता त्या दुकानदाराकडे परत येऊ. २०० ग्रॅम खोबरं, १३० ग्रॅम गूळ, आटून होतं साधारण २९० ग्रॅम सारण. लहान साच्यात १२ ग्रॅम जात असेल तर सांडलवंड धरूनही २१-२२ मोदक होतात. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या घरी साचा होता आणि माझ्या घरी सासूबाई होत्या, ज्यांना साच्याचा मोदक मोदक वाटत नाही.

६. प्रत्यक्ष शिजवताना

सगळं सारण एका कढईत करू नका. दोन कारणं. एक, तीन किलो मिश्रण एकसारखं परतता येत नाही. खालचं लागतं आणि वरचं ओलं राहतं. दुसरं, जड कढई आणि सारण मिळून पाच किलोच्या पुढे गेलं की काटा वजन दाखवायचंच थांबवतो. हे मला ऐन वेळी कळलं, हातात गरम कढई असताना.

मोदकाचं मिश्रण दोन घाण्यांत करा. एका घाण्याला ८६० ग्रॅम खोबरं आणि ५६० ग्रॅम गूळ, मिळून १,४२०. थांबायचं १,२५० ला. माझी रिकामी कढई १,१८० ग्रॅमची आहे, म्हणून काट्यावर २,४३० दिसलं की झालं. पाटाचं वजन आधीच शून्य करून घ्यायचं. करंजीचा तिसरा घाणा: थांबायचं ८६० ला, काट्यावर २,०४०.

चमचाभर तुपावर खोबरं आणि गूळ एकदमच घाला, मध्यम आचेवर. पहिल्या काही मिनिटांत गूळ विरघळून सगळं सैल, पाणीदार होतं. नवखी माणसं इथे घाबरतात आणि आच वाढवतात. वाढवू नका, तळाला गूळ लागला तर कडवटपणा सगळ्या घाण्यात उतरतो. सात-आठ मिनिटांनी पाणी दिसेनासं होतं आणि कालथा फिरवला की कढईचा तळ क्षणभर उघडा राहतो. तेव्हा पहिलं वजन करा, मग दर दोन मिनिटांनी. कालथा कढईतच ठेवून वजन करत असाल तर प्रत्येक वेळी ठेवा, नाहीतर शंभर ग्रॅमची फसगत होते. वेलची आणि जायफळ गॅस बंद केल्यावर घाला, वास टिकतो. सारण लगेच परातीत पसरा. तापलेल्या कढईत तसंच ठेवलं तर गॅस बंद असूनही आटत राहतं.

७. पारी करायच्या आधी गोळ्या मोजा

सगळ्या प्रकरणात मला सर्वांत उपयोगी पडलेली पायरी हीच, आणि ती बहुतेक जणी गाळतात.

गार झालेल्या सारणाच्या २२-२२ ग्रॅमच्या गोळ्या वळून ताटात ओळीने मांडा. पहिल्या पाच-सहा काट्यावर करा. नंतर हाताला अंदाज येतो, अधूनमधून एक तपासली की पुरे. दहा-दहाच्या ओळी लावल्या की मोजणं सोपं. आमच्याकडे हे काम माझ्या मुलीचं. ती नऊ वर्षांची आहे आणि मोठ्यांपेक्षा चोख वजन करते.

उकड काढायच्या आधीच कळतं की गोळ्या १०५ झाल्या, ९८ झाल्या की ११०. ९८ च झाल्या तर प्रत्येक गोळीतून दीड ग्रॅम काढून सात नव्या गोळ्या करायच्या. २०-२१ ग्रॅमचा मोदक कुणाच्या लक्षात येत नाही. हेच चौतिसाव्या मोदकाला कळलं तर काही करता येत नाही. शिवाय गोळी तयार असली की पारीत चमच्याने सारण भरावं लागत नाही, त्यामुळे ते कडेला लागत नाही. कडेला गुळाचं बोट लागलं की कळ्या तिथे जुळत नाहीत, आणि वाफवताना मोदक तिथूनच उघडतो.

गोळ्यांचा आकडा पक्का झाला की उकडही त्याच मापाने. २५ ग्रॅमच्या १०५ पाऱ्यांना थोडी वाया जाणारी धरून पावणेतीन किलो उकड लागते. मी त्यासाठी सव्वा किलो तांदळाची पिठी घेते. थोडी उकड उरते, तिच्या निवगऱ्या होतात. आता त्या हौसेने होतात.

८. बिघडलं तर कशावरून ओळखायचं

मोदकपात्रातून काढलेल्या मोदकाच्या बुडाला तपकिरी, चिकट डाग दिसला तर सारण ओलं राहिलं आहे. पुढच्या मोदकांचं सारण परातीतून परत कढईत घालून तीस-चाळीस ग्रॅम वजन कमी करा. मोदक आतून कडक लागला, सारण पारीपासून सुटून आत खुळखुळलं, तर जास्त आटलं आहे. गोळ्या मोडून दोन चमचे दूध शिंपडा, झाकण ठेवून मंद आचेवर मिनिटभर वाफ द्या. गूळ ताराळला असेल तर हा उपाय अर्धाच चालतो. त्या गोळ्या करंजीत वापरा, तिथे खपतात.

करंजी तेलात पडताच बुडबुडे एकाच कडेने जोरात येऊ लागले तर तिथून ओल बाहेर येते आहे. ती करंजी लगेच काढा आणि बाकीच्यांच्या कडा काट्याच्या चमच्याने पुन्हा दाबा.

९. आदल्या दिवशी काय करून ठेवता येतं

खवलेलं खोबरं भाद्रपदातल्या दमट हवेत बाहेर ठेवू नका. काही तासांत आंबूस वास येतो. रात्री खवलंत तर डबा फ्रिजमध्ये. शिजवलेलं सारण मात्र आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवलं तर उलट बरं पडतं, गोळ्या नीट वळतात. वापरायच्या तासभर आधी बाहेर काढा, नाहीतर गार गोळीभोवतीची उकड चिरते. ओल्या नारळाच्या करंज्या दोन दिवसांत संपवा. त्या सुक्या खोबऱ्याच्या नाहीत, डब्यात पंधरा दिवस टिकणार नाहीत, आणि हे डबा देताना शेजारीही सांगा. आमच्या भाभींनी एका वर्षी त्या मुलाच्या होस्टेलला पाठवायला म्हणून आठवडाभर जपून ठेवल्या होत्या.

मागच्या वर्षी चौदा नारळ आणले. एक आतून नासका निघाला, तेरांतून २,६१० ग्रॅम खोबरं निघालं. लागणारं २,३७० काढून उरलेलं २४० ग्रॅम दुसऱ्या दिवशी ऋषीच्या भाजीत घातलं. वहीत लिहून ठेवलं आहे: 'नारळामागे २०१. पुढच्या वर्षी तेरा पुरतील.' खाली सासूबाईंनी पेन्सिलने लिहिलं आहे: 'चौदाच आण.'